‘आधी’ आणि ‘नंतर’: फोटोंची जोडी आणि तिच्याखालचा आकडा कसा तपासायचा

वजन उतरवणारी पावडर, पोट आत घेणारा बारा आठवड्यांचा कोर्स, सुरकुत्या घालवणारं सीरम. जाहिरात कशाचीही असो, मांडणी तीच असते. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’, खाली मोठ्या अक्षरांत एक आकडा आणि त्याच्याही खाली राखाडी रंगात एक ओळ. पैसे भरण्यापूर्वी ही मांडणी तपासायला अर्धा-पाऊण तास पुरतो. फोटो एडिट केलाय की नाही, एवढंच बघून बहुतेक जण थांबतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एडिट न केलेला, शंभर टक्के खरा फोटोही फसवू शकतो. तो कसा, ते खालच्या पायऱ्यांत येईल.

जवळ काय हवं

- स्क्रीनशॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंग करता येईल असा मोबाइल
- साधा कॅल्क्युलेटर
- चित्रावरून शोध घेण्याची सोय (गूगल लेन्स किंवा टिनआय)
- एक टेबल लॅम्प आणि मोबाइल टेकवायला काहीतरी (पायरी ३ साठी)
- वही, किंवा मोबाइलमधली नोंद

## १. जाहिरात आधी साठवा

सोशल मीडियावरच्या स्टोरी २४ तासांत गायब होतात, आणि विक्रीच्या पानावरचा मजकूर कधीही बदलता येतो. म्हणून तपासणी नंतर, आधी साठवण. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, पानाचा पत्ता आणि तारीख लिहून ठेवा. व्हिडिओ असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा, कारण तळटीप बऱ्याचदा दोन-तीन सेकंदच दिसते आणि व्हिडिओ थांबवल्याशिवाय वाचता येत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त फोटोंची जोडी कापून ठेवणं. नंतर लागते ती खालची बारीक ओळ, आणि नेमकी तीच कापली गेलेली असते.

## २. दावा एका वाक्यात लिहा

जाहिरात नेमकं काय सांगतेय ते आपल्या शब्दांत लिहा. दोन वाक्यं करा: एक जे छापलंय ते, दुसरं जे वाचणाऱ्याच्या मनात उमटतं ते. उदाहरणार्थ, छापलेलं असतं “सुरकुत्या ४० टक्क्यांपर्यंत कमी दिसतात”, आणि मनात उमटतं “माझ्या सुरकुत्या जवळजवळ निम्म्या जातील”. या दोन वाक्यांत जेवढं अंतर, तेवढं पुढे जपून पाहायचं.

तीन शब्दांखाली रेघ मारा. ‘पर्यंत’ म्हणजे सगळ्यात चांगला निकाल मिळालेल्या एका माणसाचा आकडा असू शकतो. ‘दिसतात’ म्हणजे त्वचेत बदल झालाय असं कुणी म्हटलेलंच नाही. प्रकाश परतवणारी पावडर लावली तरी सुरकुत्या कमी दिसतात. आणि ‘मदत करते’ म्हणजे मुख्य काम दुसरंच काहीतरी करतंय. ते काय, हे तळटीपेत सापडतं.

## ३. फोटोंची जोडी तपासा

इथे घाई करू नका. फोटोंमधला फरक उत्पादनामुळे पडला असं म्हणायचं तर बाकी सगळं सारखं हवं: प्रकाश, कॅमेऱ्याचं अंतर आणि उंची, उभं राहण्याची पद्धत, कपडे, दिवसाची वेळ. यातलं काय बदललंय ते एकेक करून बघा.

प्रकाश. सुरुवात सावल्यांपासून करा. शरीराच्या जाहिरातीत ‘आधी’च्या फोटोवर समोरून पसरट उजेड असतो. त्यात सावली पडत नाही, त्यामुळे स्नायूंचे उंचवटे दिसत नाहीत आणि अंग सपाट, सैल वाटतं. ‘नंतर’च्या फोटोत उजेड वरून किंवा बाजूने येतो. प्रत्येक उंचवट्याखाली सावली पडते आणि पोटाच्या स्नायूंच्या रेषा उठून दिसतात. त्वचेच्या जाहिरातीत हाच खेळ उलटा होतो. तिथे ‘आधी’ला बाजूचा उजेड देतात, म्हणजे प्रत्येक सुरकुती, प्रत्येक खड्डा सावलीने खोल होतो, ‘नंतर’ला समोरचा मऊ उजेड असतो आणि सगळं गुळगुळीत होतं. नाकाची आणि हनुवटीखालची सावली दोन्ही फोटोंत कुठल्या बाजूला पडलीय आणि तिची कड तीक्ष्ण आहे की विरलेली, एवढं पाहिलं तरी बऱ्याच जोड्या इथेच गळतात.

अंतर. कॅमेरा जवळ आला की मधला भाग फुगतो. चेहऱ्याचा फोटो सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढला तर नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. नाक, गाल किंवा ‘चेहरा बारीक करणाऱ्या’ उपायांची जाहिरात असेल तर कान बघा. जवळून काढलेल्या फोटोत कान गालांच्या मागे दडतात, लांबून काढलेल्यात बाहेर दिसतात.

उभं राहणं आणि कपडे. कंबर पुढे झुकवली की पोट बाहेर येतं, कंबर सरळ करून श्वास सोडला की आत जातं. पँटचा पट्टा नाभीच्या खाली आहे की वर, तेही बघा. पट्टा खाली असेल तर पोट त्यावरून ओघळलेलं दिसतं. वर, घट्ट कपड्यात असेल तर तेच पोट झाकलं आणि दाबलं जातं. ‘नंतर’च्या फोटोआधी पंधरा मिनिटं जोर-बैठका काढल्या तर स्नायूंकडे रक्त वाढून ते तासभर फुगलेले राहतात. त्यात त्वचेवर तेल किंवा गडद रंगाचा हात फिरवला की सावल्या आणखी उठतात.

हे नुसतं वाचून पटत नाही, म्हणून स्वतः करून बघा. मोबाइल छातीच्या उंचीवर टेकवा. पोटभर जेवून, भरपूर पाणी पिऊन, खांदे पाडून, पोट सैल सोडून, समोरून पसरट उजेडात एक फोटो घ्या. मग दुसऱ्या दिवशी सकाळी काही खाण्याआधी टेबल लॅम्प डोक्याच्या वर थोडा एका बाजूला ठेवा, दहा मिनिटं व्यायाम करा, पाठ ताठ करा, श्वास सोडा आणि दुसरा फोटो घ्या. दोन्ही शेजारी ठेवा. एका रात्रीत अंगावरची चरबी होती तेवढीच आहे, पण जोडी जाहिरातीत शोभेल अशी होते.

एडिटिंग. दाराची चौकट, फरशीच्या रेघा, टॉवेलचे पट्टे यांकडे बघा. कंबर किंवा दंड ओढून बारीक केला असेल तर शरीराच्या अगदी लगतची रेघ वाकते आणि थोडं पुढे गेल्यावर पुन्हा सरळ होते. मात्र प्रत्येक वाकडी रेघ म्हणजे लबाडी नव्हे. मोबाइलच्या रुंद लेन्सनेही रेघा वाकतात, पण त्या फोटोच्या कडांकडे हळूहळू वाकतात, फक्त कमरेशेजारी नाही. त्वचेच्या फोटोत रंध्रं शोधा. पापणीचा केस न् केस स्पष्ट आणि गालावर एकही रंध्र नाही, असं कॅमेरा करत नाही. ते फिल्टरचं काम.

एक सावधगिरी. जोडीत प्रकाश बदललेला सापडला म्हणजे उत्पादन निरुपयोगी ठरलं, असं नाही. एवढंच ठरलं की ही जोडी पुरावा म्हणून चालणार नाही.

## ४. फोटो कुणाचा आणि कधीचा

दोन्ही फोटो वेगवेगळे कापून चित्रावरून शोध घ्या. तोच माणूस तीन वेगवेगळ्या उत्पादनांच्या जाहिरातीत सापडला, किंवा फोटो विकत मिळणाऱ्या छायाचित्रांच्या संग्रहात निघाला, तर पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही. काही सापडलं नाही म्हणून फोटो अस्सल ठरत नाही, हेही ध्यानात असू द्या. आरशासारखा उलटवलेला फोटो शोधात निसटू शकतो, म्हणून एकदा उलटवूनही शोधा.

वेळेची चलाखी पकडणं जास्त अवघड असतं. वर्षानुवर्षं व्यायाम करणारा माणूस दुखापतीमुळे किंवा मुद्दाम काही महिने थांबतो, वजन वाढवतो, तेव्हा ‘आधी’चा फोटो निघतो. एकदा कमावलेले स्नायू पुन्हा कमावायला पहिल्यापेक्षा खूप कमी वेळ लागतो, त्यामुळे बारा आठवड्यांत तो जुन्या आकाराला येतो. फोटो खरे, कालावधीही खरा. पण नवख्या माणसाला तो निकाल त्या वेळेत मिळणार नाही. त्या व्यक्तीचे जुने सार्वजनिक फोटो दिसत असतील तर बघा. ‘आधी’च्याही आधीचा फोटो ‘नंतर’सारखा असेल, तर उत्तर मिळालं.

## ५. आकड्याचा हिशोब मांडा

समजा जाहिरात अशी आहे: “रोज सकाळी एक चमचा पावडर. पथ्य नाही, व्यायाम नाही. १२ आठवड्यांत १८ किलो कमी.” फोटोखाली सुरुवातीचं वजन ८२ किलो लिहिलंय.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. आधी जाहिरातदाराला थोडी सूट देऊ. पहिल्या काही दिवसांत उतरणारं वजन बरंचसं पाणी असतं, कारण ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, कमी होताना त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही जातं. त्यासाठी दोन किलो वजा करा. उरले १६ किलो. १६ गुणिले ७,७०० म्हणजे १,२३,२०० किलोकॅलरी. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. भागाकार केला तर रोजची तूट सुमारे १,४७० किलोकॅलरी येते.

हा आकडा केवढा आहे? धावताना अंदाजे दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. ८२ किलोच्या माणसाला १,४७० किलोकॅलरी जाळायला रोज जवळपास १८ किलोमीटर धावावं लागेल, तेही खाणं न वाढवता, ८४ दिवस, एकही सुट्टी न घेता. खाणं कमी करून हे साधायचं म्हटलं, आणि त्याचं वजन टिकवायला रोज २,२०० किलोकॅलरी लागतात असं धरलं, तर त्याने दिवसाला ७३० किलोकॅलरींवर राहायला हवं. ८०० किलोकॅलरींखालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये असा असतो. शिवाय वजन उतरत जाईल तसा शरीराचा खर्चही कमी होतो, म्हणजे शेवटच्या आठवड्यांत गणित आणखी अवघड.

हा हिशोब ढोबळ आहे. स्नायू घटले तर किलोमागची ऊर्जा कमी भरते, आणि सुरुवातीचं वजन १३० किलो असेल तर हेच १८ किलो कडक आहारावर शक्यतेच्या कक्षेत येतात. म्हणूनच सुरुवातीचं वजन लपवलेली जाहिरात तपासताच येत नाही. इथे मात्र ८२ किलो लिहिलंय, आणि पथ्य-व्यायाम नाही असंही लिहिलंय. मग रोजची १,४७० किलोकॅलरी कुठे गेली, याचं उत्तर पावडरच्या डब्यावर कुठेच नाही.

अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या उत्पादनांसाठी, वजनाबद्दलच्या सात दाव्यांची यादी प्रसिद्ध केली. हे दावे खरे असूच शकत नाहीत, तेव्हा माध्यमांनी ते छापण्याआधी थांबावं, असं त्यात म्हटलंय. पथ्य-व्यायामाशिवाय महिनाभर दर आठवड्याला दोन पौंड उतरणं त्यात आहे. काहीही, कितीही खाऊन भरपूर वजन उतरणं आहे. चार आठवड्यांहून जास्त काळ, आठवड्याला तीन पौंडांहून जास्त वजन सुरक्षितपणे उतरणंही आहे. तीन पौंड म्हणजे सुमारे १.३६ किलो. आपल्या पावडरचे १८ किलो भागिले १२ म्हणजे आठवड्याला दीड किलो. एकाच जाहिरातीने यादीतल्या निदान दोन खुणा ओलांडल्या.

## ६. फोटोतला माणूस कितीतून निवडला?

ही पायरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि खऱ्या फोटोची फसवणूक इथेच असते.

समजा २०० जणांनी एक निव्वळ निरुपयोगी गोळी बारा आठवडे घेतली. गटाचा सरासरी बदल शून्य. पण माणसांची वजनं आपसूक खाली-वर होतात: कुणी आजारी पडतं, कुणाचं काम बदलतं, कुणी गोळीच्या निमित्ताने खाणं आवरतं. या चढउताराचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसं सरासरीपासून साधारण किती दूर जातात ते, तीन किलो धरलं, तर २०० जणांत सगळ्यात जास्त उतरलेला माणूस साधारण आठ किलोंनी हलका झालेला सापडेल. त्याचा फोटो खरा, वजनाचा आकडा खरा, त्याचं “मला फायदा झाला” हे वाक्यही मनापासूनचं. जाहिरातीत तोच येतो. उरलेल्या १९९ जणांचा फोटो कुणी काढलेला नसतो.

दुसरी गाळणी गळतीची. “आमच्या सदस्यांचं सरासरी ६ किलो वजन उतरलं” या वाक्यात ‘सदस्य’ कोण, ते विचारा. २०० जण आले, १३० मधेच सोडून गेले, उरलेल्या ७० जणांची सरासरी ६ किलो. सोडून गेलेल्यांचा बदल शून्य धरला तर ४२० किलो भागिले २००, म्हणजे २.१ किलो. तुम्ही पैसे भरता तेव्हा ७० मधले नसता, २०० मधले असता.

मुरुमांच्या जाहिरातीत याचं एक खास रूप दिसतं. माणूस उपाय शोधतो तो मुरुम सगळ्यात वाईट असताना, आणि ‘आधी’चा फोटो त्याच दिवसाचा असतो. मुरुम येतात, भडकतात, ओसरतात. चार आठवड्यांनी काही न लावताही बऱ्याच जणांचा चेहरा त्या दिवसापेक्षा बरा दिसला असता. हे ओळखायचं तर तुलनेला दुसरा गट लागतो, किंवा अर्ध्या चेहऱ्यावर औषध आणि अर्ध्यावर औषध नसलेलं तेच मलम लावून, कुठल्या बाजूला काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून मोजमाप करून घ्यावं लागतं.

## ७. सौंदर्य उत्पादनांचे टक्के

“९४ टक्के स्त्रिया सहमत.” ताऱ्याच्या खुणेमागे जाऊन संख्या बघा. ३३ जणींपैकी ३१ म्हणजे ९४ टक्के. त्यांना प्रश्न काय विचारला होता? बहुधा “त्वचा मऊ वाटते का?” असा. साधं मॉइश्चरायझर लावलं तरी होच म्हणतील. त्वचेच्या वरच्या थरात पाणी भरलं की बारीक रेघा काही तास खरोखर भरून येतात. म्हणून मोजमाप लावल्यावर किती वेळाने घेतलं, ते पाहायला हवं. दात पांढरे करण्याच्या फोटोतही वेळेचाच डाव असतो. उपचार चालू असताना तोंड उघडं ठेवल्याने दात सुकतात, आणि सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो. खुर्चीवरून उठताच काढलेला फोटो आणि दोन दिवसांनंतरचा फोटो एकसारखे नसतात.

## ८. पटवणं कुठे संपतं, फसवणं कुठे सुरू होतं

चांगला फोटो निवडणं, मॉडेल हसरं असणं, रंग आकर्षक असणं हे पटवण्यात मोडतं. तपासताना तीन प्रश्न विचारा. फोटोंतला फरक उत्पादनामुळे पडलाय का? तो सर्वसाधारण ग्राहकाला मिळतो का? आणि पथ्य, व्यायाम, शस्त्रक्रिया, मेकअप, मिळालेलं मानधन असं काही लपवलंय का, जे कळलं असतं तर घेणाऱ्याचा निर्णय बदलला असता? पहिल्या दोहोंपैकी एकाचं उत्तर ‘नाही’ किंवा तिसऱ्याचं ‘हो’ आलं, आणि जाहिरात पाहणाऱ्याचा समज नेमका उलटा होत असला, तर रेघ ओलांडली गेलीय. प्रत्येक शब्द सुटा खरा असला तरी.

तळटीप ही रेघ पुसत नाही. “निकाल सर्वसाधारण नाहीत” एवढं लिहिलं की अमेरिकेत पूर्वी जाहिरातदार सुटायचे. फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं बदलून ही पळवाट बंद केली. असाधारण निकाल दाखवायचा, तर सर्वसाधारण ग्राहकाला काय मिळेल तेही स्पष्ट सांगायला हवं, अशी भूमिका त्यांनी घेतली.

पुराव्याची जबाबदारी कुणाची, याचं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या एएसए या संस्थेने २०११ मध्ये लॉरेआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या दोन जाहिरातींवर बंदी घातली, एक तिच्या लॅन्कोम ब्रँडची, अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स असलेली, आणि दुसरी मेबलीन ब्रँडची, मॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन असलेली. फोटो सुधारले होते हे कंपनीने नाकारलं नव्हतं. त्यांत दिसणारा परिणाम उत्पादनाने मिळतो की सुधारणेने, हे संस्थेला पटेल असं कंपनीला दाखवता आलं नाही, आणि निकाल त्यावर गेला. फसवणूक झाली हे ग्राहकाने सिद्ध करायचं नव्हतं. दावा खरा असल्याचं दाखवायचं काम कंपनीचं होतं.

## ९. विक्रेत्याला लेखी विचारा

फोनवर नको. ईमेल किंवा चॅटवर, एका संदेशात, एवढेच प्रश्न:

1. किती जणांनी सुरुवात केली आणि किती जणांनी पूर्ण केलं?
2. सुरुवात केलेल्या सगळ्यांचा मध्यक निकाल काय? (सगळ्यांचे निकाल ओळीने लावले की बरोबर मधला येतो तो. एखाद-दुसऱ्या अफाट आकड्याने तो हलत नाही, सरासरी हलते.)
3. फोटोतल्या व्यक्तीने याशिवाय काय काय केलं, आणि तिला मोबदला मिळाला का?
4. दोन्ही फोटोंची तारीख काय? प्रकाश, अंतर, कॅमेरा सारखे होते का?
5. बारा महिन्यांनंतरचे आकडे आहेत का?

“आमचे हजारो ग्राहक समाधानी आहेत” असं उत्तर आलं, तर पाचपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही. आणखी फोटो पाठवले, तरीही नाही. “निकाल व्यक्तीनुसार बदलतात” हे दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. किती बदलतात, ते पुन्हा विचारा. ज्यांच्याकडे आकडे असतात ते बहुधा लगेच देतात, आणि ते जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा लहान असतात. दोन-तीन किलो, थोडी कमी कोरडी त्वचा. एवढ्यासाठी सांगितलेली किंमत द्यायची का, ते मग तुम्ही ठरवा.

तक्रार करायची वेळ आली तर आपल्या देशातल्या जाहिरात नियंत्रक किंवा ग्राहक संस्थेकडे चार गोष्टी पाठवा: पहिल्या पायरीत साठवलेली पूर्ण जाहिरात, दुसऱ्या पायरीतली दोन वाक्यं, पाचव्या पायरीतला हिशोब आणि विक्रेत्याचं लेखी उत्तर. सोबत “हे खोटं आहे” असं लिहू नका. “अमुक दाव्याचा आधार मागवावा” असं लिहा, म्हणजे सिद्ध करण्याचं काम दावा करणाऱ्याकडे जातं.